अजगर, डुरक्या घोणस आणि घोणस : छायाचित्रातून ओळख पटविण्याच्या तीन खुणा

जाड अंगाचा, तपकिरी रंगाचा, पाठीवर गडद ठिपके असलेला आणि वेटोळे करून पडलेला साप छायाचित्रात दिसला की त्याखाली बहुधा ‘अजगराचे पिल्लू’ अशी ओळ लिहिली जाते. ही ओळ कित्येकदा बरोबर असते. मात्र ती चुकते, तेव्हा अजगराच्या जागी घोणस असण्याची शक्यता मोठी असते. नाग, मण्यार आणि फुरसे यांच्यासह घोणस ही देशातील प्रमुख चार विषारी सापांत गणली जाते. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मांडण्यात आला होता. अजगर समजून घोणशीला हाताळण्याची चूक जिवावर बेतते. उलट, घोणस समजून अजगर किंवा डुरक्या घोणस मारली जाते, तेव्हा एका निरुपद्रवी सापाचा नाहक बळी जातो.

या गोंधळात भर पडते ती नावांमुळे. ‘डुरक्या घोणस’ हा बिनविषारी साप आहे. पण त्याच्या नावातच घोणस आहे. दूरध्वनीवरून कुणी ‘घोणस निघाली’ एवढेच सांगितले, तर दोहोंपैकी कोणती, हे कळत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना स्थानिक नावेही ठाऊक असणे आवश्यक ठरते. विषारी घोणशीला गुजरातीत खडचितळो, कन्नडमध्ये कोळकुमंडल, तेलुगूत रक्तपिंजरी, तमिळमध्ये कण्णाडी विरियन आणि बंगालीत चंद्रबोडा म्हणतात. शेजाऱ्याने यांपैकी एखादे नाव उच्चारले, तर तो अजगराविषयी बोलत नसतो.

सर्वपरिचित ठोकताळे का फसतात

छायाचित्र पाहताना बहुतेक जण तीन ठोकताळे वापरतात. त्रिकोणी डोके म्हणजे विषारी, उभी बाहुली म्हणजे विषारी आणि डोक्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखी खूण म्हणजे घोणस, असे हे ठोकताळे आहेत. जाड अंगाच्या सापांच्या बाबतीत हे तिन्ही निरुपयोगी ठरतात.

अजगराचे डोके मानेपेक्षा स्पष्ट रुंद आणि भाल्याच्या पात्यासारखे असते. वरून पाहिल्यास ते त्रिकोणीच दिसते. अजगर आणि डुरक्या घोणस या दोन्ही बिनविषारी सापांच्या डोळ्यांतील बाहुली उभी असते, तर अत्यंत विषारी असलेल्या नागाची बाहुली गोल असते. डोक्यावरील खुणेचेही तसेच आहे. अजगराच्या डोक्यावर बाणाच्या टोकासारखा गडद पट्टा असून त्याला फिकट किनार असते. घोणशीच्या डोक्यावर दोन बाजूंना गडद डाग आणि त्यांच्यामधून मुस्कटाकडे जुळत जाणाऱ्या फिकट रेषा असतात. अस्पष्ट छायाचित्रात या दोन्ही आकृती सारख्याच भासतात.

त्यामुळे ओळख पटविताना एकाच ठळक खुणेवर न विसंबता डोके, खवले आणि शेपूट या तीन भागांचे वाचन स्वतंत्रपणे करावे लागते. तिन्ही भाग एकाच सापाकडे निर्देश करीत असतील, तरच निष्कर्ष काढता येतो.

पहिली खूण : डोक्यावरील आवरण

डोक्याच्या आकारापेक्षा त्यावरील आवरण अधिक विश्वासार्ह असते. अजगराच्या मुस्कटावर आणि डोळ्यांच्या दरम्यान मोठ्या, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना सारख्या दिसणाऱ्या तकट्या असतात. त्यांच्यामागे, डोक्याच्या पाठीमागच्या भागावर खवले लहान होत जातात. घोणशीच्या डोक्यावर अशा मोठ्या तकट्या नसतात. तिचे जवळजवळ संपूर्ण डोके बारीक, खरबरीत खवल्यांनी झाकलेले असते. चांगल्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रात अजगराचे मुस्कट घासून गुळगुळीत केल्यासारखे, तर घोणशीचे डोके वाळूच्या कागदासारखे दिसते.

दुसरा फरक बाजूने घेतलेल्या छायाचित्रात दिसतो. अजगराच्या मुस्कटाच्या टोकावरील खवल्यावर आणि वरच्या ओठाच्या पुढील खवल्यांवर खोलगट खाचा असतात. या उष्णता जाणणाऱ्या खाचांमुळे त्याला अंधारातही उबदार रक्ताचे भक्ष्य सापडते. घोणशीला अशा खाचा नसतात. तिच्याबाबत लक्ष वेधून घेते ते मोठे, उघडे नाकपुडीचे छिद्र. ‘खाच असलेला साप विषारी’ हे विधान हिरव्या चापड्यासारख्या सापांना लागू पडते. त्यांच्यात डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेकच खाच असते. ओठावरील खाचांची रांग मात्र अजगराची खूण आहे.

डुरक्या घोणशीचे डोकेही बारीक खवल्यांनी झाकलेले असल्याने येथे अडचण उद्भवते. डोक्यावरील आवरण पाहून अजगर वेगळा काढता येतो; पण डुरक्या घोणस आणि विषारी घोणस यांच्यात फरक करण्यास ते अपुरे पडते. अशा वेळी मान पाहावी. डुरक्या घोणशीचे डोके मानेपासून फारसे वेगळे दिसत नाही; मुस्कट माती उकरण्यासाठी पाचरीसारखे उतरते आणि डोळे अगदी लहान असतात. विषारी घोणशीची मान आवळल्यासारखी बारीक असून डोके तिच्यापासून ठळक सुटे दिसते. मांडुळाच्या बाबतीत तर डोके कोठे संपले आणि अंग कोठे सुरू झाले, हेच सांगता येत नाही.

दुसरी खूण : खवल्यांचा पोत आणि संख्या

घोणशीच्या पाठीवरील प्रत्येक खवल्याच्या मधोमध एक उभी धार असते. या धारांमुळे तिच्या अंगावरून प्रकाश परावर्तित होत नाही आणि ते कोरडे, निस्तेज दिसते. अजगराचे खवले गुळगुळीत असल्याने उन्हात किंवा फ्लॅशच्या प्रकाशात त्याचे अंग चमकते. नुकतीच कात टाकलेली असेल, तर त्यावर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी झाकही येते. मात्र चमक ही एकमेव कसोटी मानू नये. पावसात भिजलेली घोणसही चमकते आणि धुळीत लोळलेला अजगरही निस्तेज दिसतो.

यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे खवले मोजणे. त्यासाठी छायाचित्र मोठे करून अंगाचा मधला, सर्वांत जाड भाग घ्यावा. पाठीच्या मध्यरेषेपासून तिरक्या ओळीने खाली उतरत पोटाच्या कडेपर्यंत किती खवले लागतात, ते मोजावे. घोणशीच्या अंगाच्या मध्यभागी खवल्यांच्या साधारण २७ ते ३३ ओळी असतात. म्हणजे एका बाजूला १३ ते १६ खवले भरतात. डुरक्या घोणशीत ही संख्या साधारण ४० ते ५५, तर अजगरात ६० ते ७० च्या आसपास असते. त्यामुळे अजगराच्या एका बाजूला तीसच्या आसपास खवले मोजावे लागतात. संपूर्ण मोजणी शक्य नसली, तरी फरक डोळ्यांना जाणवतो. घोणशीचा एकेक खवला सुटा, मोठा आणि टोकदार दिसतो. अजगराचे खवले अंगाच्या मानाने इतके बारीक असतात की थोड्या अंतरावरून ते ओळखूच येत नाहीत.

डुरक्या घोणशीचे खवलेही धारेचे आणि खरखरीत असतात. म्हणून ‘धार आहे, तेव्हा विषारी’ असा निष्कर्ष काढता येत नाही. येथे ठिपक्यांची मांडणी उपयोगी पडते. विषारी घोणशीच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. मधली रांग साखळीसारखी असते. प्रत्येक ठिपका तपकिरी, त्याभोवती काळे कडे आणि त्याबाहेर फिकट किनार अशी रचना असते. डुरक्या घोणशीच्या पाठीवर वेडेवाकडे, फाटक्या कडांचे गडद डाग असतात आणि ते एकमेकांत मिसळून नागमोडी पट्टा तयार होतो. अजगराचे डाग मोठे, चौकोनाकडे झुकणारे व परस्परांपासून आकाराने वेगळे असतात. ते जणू फिकट जमिनीवर मांडलेल्या फरशांसारखे दिसतात. ठिपके जितके नियमित आणि कडेबंद, तितकी घोणशीची शक्यता अधिक.

सापाचे पोट किंवा त्याची कड दिसत असेल, तर आणखी एक महत्त्वाचा पुरावा हाती लागतो. घोणशीच्या पोटावरील आडव्या पट्ट्या पोटाची पूर्ण रुंदी व्यापतात. अजगर, डुरक्या घोणस आणि मांडूळ यांच्यात या पट्ट्या अरुंद असून त्यांच्या दोन्ही बाजूंना पोटावरही लहान खवले दिसतात. मेलेल्या किंवा काचेवर सरपटणाऱ्या सापाच्या छायाचित्रात ही खूण सर्वांत स्पष्ट असते. पण ती पाहण्यासाठी जिवंत किंवा मेल्यासारख्या दिसणाऱ्या सापाला उलटे करणे धोक्याचे आहे.

तिसरी खूण : शेपूट

विषारी घोणस आणि डुरक्या घोणस यांच्यातील वाद बहुतेक वेळा शेपटावर मिटतो. डुरक्या घोणशीचे शेपूट अत्यंत आखूड, शंकूसारखे आणि टोकदार असते. अंग जणू अचानक संपते. शेपटावरील खवल्यांच्या धारा अंगावरच्यापेक्षाही ठळक असतात. विषारी घोणशीचे जाड अंग मागे एकदम आवळते आणि तेथून बारीक, बोटासारखे निमुळते होत गेलेले शेपूट दिसते. ते एकूण लांबीच्या साधारण सातव्या भागाएवढे असते. अजगराचे शेपूट हळूहळू निमुळते होत जाते. ते जेथे सुरू होते, तेथे दोन्ही बाजूंना नखासारखे लहान काटे असतात. हे त्याच्या पूर्वजांच्या मागील पायांचे अवशेष असून ते नरात अधिक मोठे असतात. स्पष्ट छायाचित्रात हे काटे दिसले, तर तो साप घोणस नाही, हे नक्की.

मांडुळाचे शेपूट बोथट, गोलसर आणि डोक्याएवढेच जाड असते. म्हणूनच त्याला दुतोंड्या म्हणतात. त्याचे खवले बारीक व गुळगुळीत आणि रंग साधारणतः एकसारखा तपकिरी किंवा तांबूस असतो. पिल्लांच्या शेपटाजवळ पट्टे दिसू शकतात. मांडूळ आणि घोणस यांच्यात गोंधळ होण्याचे कारण नाही. त्याला धोका आहे तो माणसाकडून. गुप्तधन आणि औषधी गुणांविषयीच्या निराधार समजुतींमुळे त्याची तस्करी होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला पकडणे, बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे. अजगराला याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

एका नमुना छायाचित्राचे वाचन

वरील पद्धत प्रत्यक्षात कशी वापरायची, हे एका कल्पित पण नेहमी आढळणाऱ्या उदाहरणावरून समजून घेता येईल. जुलै महिना आहे. उसाच्या बांधावर विटेशेजारी वेटोळे घातलेला साप दिसतो. अंग तपकिरी, पाठीवर गडद डाग. डोके वेटोळ्यावर टेकलेले आहे, पण थोडे अस्पष्ट. शेपटाचा शेवटचा भाग गवतात दडलेला आहे. छायाचित्रासोबत मजकूर आहे : ‘अजगराचे पिल्लू, लांबी दोन फूट.’

प्रथम आकारमानाचा विचार करू. वीट साधारण २० ते २३ सेंटीमीटर लांब असते. तिच्याशी तुलना करता दोन फुटांचा अंदाज योग्य वाटतो. परंतु या मापाने काहीच ठरत नाही. अंड्यातून बाहेर पडलेले अजगराचे पिल्लू दीड ते दोन फूट असते, अर्धवट वाढलेली घोणस तेवढीच असते आणि पूर्ण वाढलेली डुरक्या घोणसही तेवढीच असू शकते. महिनाही निर्णायक नाही. अजगराची अंडी उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला फुटतात. घोणशीची पिल्लेही मुख्यतः मे ते जुलै या काळात जन्मतात.

डोक्याच्या अस्पष्ट छायाचित्रात तकट्या दिसत नाहीत, पण मान बारीक आणि डोके सुटे असल्याचे कळते. त्यामुळे डुरक्या घोणशीची शक्यता कमी होते. अजगर आणि घोणस हे दोन पर्याय उरतात. आता खवल्यांकडे वळू. छायाचित्र मोठे केल्यावर वेटोळ्याच्या बाहेरील बाजूला पाठीच्या मध्यापासून जमिनीपर्यंत चौदा खवले मोजता येतात आणि प्रत्येकावर बारीक उभी रेघ दिसते. अजगराच्या पिल्लातही खवल्यांच्या ओळी मोठ्या अजगराइतक्याच असतात. वयानुसार त्या वाढत नाहीत. म्हणजे येथे तीसच्या आसपास खवले मिळायला हवे होते. ठिपक्यांभोवती काळे कडे आणि त्याबाहेर फिकट किनार आहे, तसेच बाजूला ठिपक्यांची दुसरी रांग दिसते. शेपूट दिसत नसले, तरी आता त्याची गरज उरत नाही. हा साप घोणस आहे.

याच छायाचित्रात खवले मोजता आले नसते, तर उत्तर वेगळे असते. बारीक मान आणि गडद डाग एवढ्यावर अजगर की घोणस, हे ठरविता येत नाही. अशा वेळी ‘अनिश्चित’ हाच प्रामाणिक निष्कर्ष असतो आणि वागताना मात्र तो साप घोणस आहे, असे धरूनच वागावे लागते. अजगराला घोणस समजून दूर उभे राहिल्याने कुणाचे नुकसान होत नाही. घोणशीला अजगर समजून हात पुढे केला, तर होते.

छायाचित्राच्या मर्यादा

मोबाइलवर पुढे-पुढे पाठविलेले छायाचित्र दरवेळी संकुचित होत जाते. त्यात सर्वांत आधी नाहीशी होते ती खवल्यांवरील धार. त्यामुळे खरखरीत घोणस अजगरासारखी गुळगुळीत दिसू लागते. शक्यतो मूळ छायाचित्र मागवावे. रंगावर विसंबू नये. सायंकाळच्या पिवळ्या प्रकाशात तपकिरी, तांबूस आणि राखाडी हे रंग एकमेकांत मिसळतात.

प्रदेशाची माहितीही सोबत असावी. ईशान्य भारतात आढळणारा बर्मी अजगर देशाच्या अन्य भागांतील अजगरापेक्षा गडद असतो आणि त्याच्या डोक्यावरील बाण मुस्कटापर्यंत ठळक उमटलेला असतो. निकोबार बेटांवर जाळीदार नक्षीचा अजगर आढळतो. पश्चिम किनारपट्टीवर व्हिटेकरची डुरक्या घोणस ही आणखी एक बिनविषारी जात आहे. १९९१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन करण्यात आले. कोरड्या, खडकाळ भागांत लहान आकाराच्या सापाची ओळख पटविताना फुरशाची शक्यताही तपासावी लागते. त्याचे बाजूचे खवले तिरके व करवतीसारखे असतात आणि डोक्यावर फिकट, बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण असते.

छायाचित्र टिपताना सापापासून किमान तीन मीटर दूर राहून कॅमेऱ्याच्या झूमचा वापर करावा. एकाऐवजी तीन छायाचित्रे घ्यावीत : डोके, अंगाचा मधला भाग आणि शेपूट. साप हलत नसेल, तर त्याला काठीने डिवचू नये. वेटोळ्यात निश्चल पडलेली घोणस सुस्त वाटते. तिचा हल्ला मात्र अतिशय वेगवान असतो. छायाचित्र स्थानिक वन विभागाकडे किंवा नोंदणीकृत सर्पमित्राकडे पाठवावे.

दंश झालेला असेल, तर ओळख पटविण्यात वेळ घालवू नये. भारतात उपलब्ध असलेली प्रतिविष लस प्रमुख चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे काम करते. डॉक्टर उपचार ठरवितात ते लक्षणांवरून आणि रक्त गोठण्याच्या तपासणीवरून. काचेच्या कोरड्या नळीत घेतलेले रक्त २० मिनिटांनंतर गोठले आहे की नाही, हे पाहण्याची साधी चाचणी ग्रामीण रुग्णालयातही करता येते. हाती छायाचित्र असल्यास ते दाखवावे. पण ते मिळविण्यासाठी थांबू नये. दंशाची जागा कापणे, चोखणे किंवा दोरीने आवळून बांधणे टाळावे आणि रुग्णाला फारशी हालचाल करू न देता तातडीने रुग्णालयात न्यावे. ‘अजगरच चावला असेल’ या भरवशावर घरी थांबण्याची जोखीम कोणत्याही छायाचित्राच्या आधारे घेऊ नये.